गोड चूक

गेल्या उन्हाळ्यात सहा महिने मी न्यू जर्सीत मुलाकडे होते. नात तेव्हा तीन वर्षे दोन महिन्यांची होती. घरात आम्ही तिला चिमू म्हणतो. मी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि आदल्या दिवशीची बातमी तिने सांगितली, "आजी, आय गोड टू द पार्क!" क्षणभर मला वाटले, ही स्वतःला गोड म्हणवून घेते आहे. मग उलगडा झाला. 'गो' या क्रियापदाला तिने इंग्रजीतला भूतकाळाचा 'ड' जोडला होता. 'वेंट'च्या जागी तिने 'गोड' हा नवाच शब्द घडवला होता.

मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले आहे. लाल पेन्सिल हातात नसली तरी ती माझ्या जिभेवर असते. मी लगेच म्हणाले, "गोड नाही बाळ, वेंट." दुपारी पुस्तकातील उंदीर मोजताना ती "थ्री माउसेस" म्हणाली. मी सुधारले, "माइस." संध्याकाळी तिने पेला फुटल्याचे सांगितले, "इट ब्रेक्ड." मी पुन्हा सुधारले, "ब्रोक." पाचव्या दिवशी पाळणाघरातून परतताना ती आईला काहीतरी रंगवून सांगत होती. सून म्हणाली, "आजीलाही सांग ना." चिमूने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली, "आजीला नाही सांगायचं."

वाचकहो, नातवंडांसाठी सातासमुद्रापार गेलेल्या आजीला हे वाक्य कसे लागले असेल, ते आपल्याला सांगायला नको.

त्याच रात्री सुनेने आपल्या मनातील काळजी बोलून दाखवली. "आई, ही अडीच वर्षांची असताना नीट 'वेंट' म्हणायची. माझ्याकडे व्हिडिओ आहे. आता 'गोड' म्हणते. मूल मागे जात आहे का?" मुलाचे निदान तयार होते. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, त्यामुळे तिचा गोंधळ होतो. तेव्हा काही महिने घरातील मराठी बंद करावी, असे त्याचे मत पडले. म्हणजे ज्या भाषेत मी तिच्याशी मनापासून बोलू शकते, तीच भाषा घरातून जाणार होती. मी गप्प बसले. परंतु झोप लागली नाही. भाषाविज्ञानाच्या तासाला जे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, ते माझ्या घरात माझ्या मांडीवर बसून बोलत होते आणि मला ते ओळखू आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एक वही केली आणि सुधारणे थांबवून ऐकायला लागले. त्या वहीतून जे उमगले, ते आपल्यापुढे मांडते. आपल्यापैकी अनेकजण नातवंडे सांभाळतात, आणि हा प्रश्न आपल्याही घरात केव्हातरी उभा राहणारच.

प्रथम सुनेच्या प्रश्नाचे उत्तर. मूल आधी बरोबर बोलते आणि नंतर चुकते, हे कसे? अडीच वर्षांच्या चिमूचे 'वेंट' हे 'गो'चे भूतकाळी रूप नव्हतेच. 'चेंडू' किंवा 'दूध' यांसारखा तो एक सुटा शब्द होता. ऐकला, लक्षात राहिला, वापरला. 'गो' आणि 'वेंट' यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे तिला अजून कळले नव्हते. त्या वयात 'वॉक्ड' आणि 'प्लेड' हेही असेच पाठ झालेले सुटे शब्द असतात. असे पुष्कळ शब्द साठले की एक दिवस मुलाच्या ध्यानात येते की, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना शब्दाच्या शेवटी एक लहानसा आवाज जोडला जातो. हे त्याला कोणी सांगत नाही. त्याचे त्यालाच ते सापडते. आणि सापडलेली किल्ली माणूस प्रत्येक कुलपाला लावून पाहतो. म्हणून 'गो'चे 'गोड', 'ईट'चे 'ईटेड', 'फूट'चे 'फूट्स', 'माउस'चे 'माउसेस'. नियमाचा त्याच्या हद्दीबाहेर केलेला हा वापर. भाषाविज्ञानात याला अतिसामान्यीकरण म्हणतात.

यातील मर्म असे की, 'गोड' हा शब्द चिमूने कोणाकडूनही ऐकलेला नव्हता. आई, वडील, पाळणाघरातील बाई, गोष्टीची पुस्तके, सगळीकडे 'वेंट'च होते. मूल केवळ नक्कल करून भाषा शिकत असते, तर ही चूक त्याच्या तोंडून कधीच निघाली नसती. बरोबर उत्तर पाठांतरानेही येते. अशी चूक मात्र नियम हाती लागल्याशिवाय करताच येत नाही. पहिले 'वेंट' स्मरणाचे होते, आताचे 'गोड' तर्काचे होते. मूल मागे गेलेले नव्हते, एक पायरी वर चढले होते.

कोणी म्हणेल, हा आपला अंदाज झाला. याची परीक्षा अमेरिकेत जीन बर्को या संशोधक महिलेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केली, आणि तिची युक्ती इतकी साधी होती की आजही तिचे कौतुक वाटते. तिने पाखरासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढले आणि त्याला 'वग' असे नाव दिले. असा शब्द इंग्रजीत नाही. चार ते सात वर्षांच्या मुलांना ते चित्र दाखवून ती म्हणे, हा एक वग आहे. आता आणखी एक आला. आता इथे दोन काय आहेत? बहुतेक मुलांनी बिनचूक 'वग्ज' असे उत्तर दिले. जो शब्द जगात अस्तित्वातच नव्हता, त्याचे अनेकवचन पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. ते नियमातूनच आले होते. त्याचबरोबर नियमाची किल्ली एकदम पूर्ण हाती येत नाही, हेही तिला दिसले. शेवटी 'स'कार असलेल्या बनावट शब्दाला जास्तीचा 'एस' लावायचा असतो, तिथे निम्म्याहून अधिक मुले अडली. आणि तीच मुले ओळखीच्या 'ग्लास'चे 'ग्लासेस' सहज सांगत होती. स्मरण आणि नियम शेजारी शेजारी, पण आपापल्या गतीने वाढत असतात.

आता माझ्या वहीकडे वळू. तीन आठवडे मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती उघडी ठेवली. चिमूने भूतकाळातील अनियमित क्रियापद वापरले की, डाव्या बाजूला बरोबर रूपाची आणि उजव्या बाजूला चुकीच्या रूपाची रेघ ओढायची. आमची समजूत अशी झाली होती की ती नेहमीच 'गोड' म्हणते. वहीत निघाले ते असे: 'वेंट' अडतीस वेळा, 'गोड' पाच वेळा. 'एट' वीस वेळा, 'ईटेड' तीन वेळा. 'ब्रोक' सहा वेळा आणि 'ब्रेक्ड' चार वेळा. ती बहुतेक वेळा बरोबरच बोलत होती. चूक कानाला खटकते म्हणून लक्षात राहते. बरोबर शब्द न खटकता निघून जातो. कित्येकदा एकाच दमात ती दोन्ही रूपे वापरत असे. "आय वेंट टू द स्विंग, अँड देन आय गोड होम." 'वेंट' हरवलेले नव्हते. ते तिथेच होते.

ही काही आमच्याच घरची गोष्ट नाही. १९९२ साली गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८३ मुलांच्या नोंदवलेल्या बोलण्यातील अशी साडेअकरा हजार रूपे तपासली. त्यांत नियम चुकीच्या जागी लावल्याचे मध्यम प्रमाण शंभरात अडीच इतकेच निघाले. पुढे एका मुलाचे बोलणे फार बारकाईने ध्वनिमुद्रित केलेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, काही क्रियापदांच्या बाबतीत काही काळ हे प्रमाण बरेच वर जाते. तेव्हा आपल्या घरातील मूल एखादा शब्द आठवडाभर चुकीचाच बोलले, तरी त्यात नवल नाही.

दोन्ही रूपे एकत्र का नांदतात? पिंकर यांच्या गटाने दिलेले स्पष्टीकरण मला पटते. बोलताना मूल आधी स्मरणात हात घालते. तिथे 'वेंट' वेळेवर सापडले, तर नियम गप्प बसतो. ते सापडायला क्षणभर उशीर झाला, तर वाक्य खोळंबू नये म्हणून नियम पुढे सरसावतो आणि 'गोड' तयार करून देतो. शब्द जितका जास्त वेळा कानावर पडलेला, तितका तो स्मरणात पक्का. म्हणून वहीत 'वेंट'च्या मानाने 'ब्रोक'च्या रकान्यात चुकांचा वाटा मोठा होता. पेले रोज फुटत नाहीत, बागेत मात्र रोज जाणे होते. या स्पष्टीकरणावर मतभेदही आहेत. रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांनी १९८६ साली असे दाखवले की, वेगळा नियम न घालताही, केवळ उदाहरणांतील साम्यावरून शिकणारी संगणकीय रचना अशाच चुका करू शकते. डोक्यात नियम लिहिलेला असतो की केवळ साम्याची सवय जडलेली असते, हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु मूल ऐकलेल्याच्या पलीकडे जाऊन नवे रूप घडवते, याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नाही.

राहिला मुलाचा आक्षेप, मराठीमुळे गोंधळ होतो हा. त्याचे उत्तर चिमूनेच दिले. एका सकाळी खिडकीतून हात हलवून झाल्यावर ती मला म्हणाली, "बाबा ऑफिसला जाला." थोड्या वेळाने चित्र दाखवत म्हणाली, "हे मी करलं." आपल्या मराठीत बस, उठ, पड, रड या धातूंना 'ला' जोडला की बसला, उठला, पडला, रडला असा भूतकाळ होतो. त्याच हिशोबाने 'जा'चा 'जाला', 'ये'चा 'येला', 'कर'चे 'करलं', 'मर'चा 'मरला'. मराठी घरांतून हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. आपल्या मुलांकडून ऐकले, आणि कदाचित आपणही एके काळी बोललो आहोत. इंग्रजीचा वाराही न लागलेली खेड्यातील मुलेही असेच म्हणतात. चिमू दोन भाषांत गोंधळलेली नव्हती. इंग्रजीत ती इंग्रजीचा नियम ताणत होती, मराठीत मराठीचा. तीन वर्षांच्या मुलीने दोन व्याकरणे वेगवेगळी ठेवली होती. मी वहीतील दोन्ही पाने मुलापुढे ठेवली. त्याने ती शांतपणे वाचली आणि थोडा हसला. "म्हणजे मीही 'करलं' म्हणायचो?" "म्हणायचास. पहिलीत जाईपर्यंत," मी म्हणाले. मराठी बंद करण्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

एक गंमत जाता जाता सांगते. या अनियमित रूपांना त्यांचा त्यांचा इतिहास आहे. 'वेंट' हा मुळात 'वेंड' या दुसऱ्याच जुन्या क्रियापदाचा भूतकाळ. तो 'गो'च्या घरी येऊन राहिला. आपले गेला, केला, मेला हे संस्कृतातील गत, कृत, मृत यांचे वारस. मुलाला हा इतिहास कसा ठाऊक असणार? आणि लहान मुले करतात तेच पुष्कळदा भाषाही करते. इंग्रजीत 'हेल्प'चा भूतकाळ पूर्वी 'होल्प' असा होता. तो मागे पडला आणि नियमाने बनलेला 'हेल्प्ड' रूढ झाला. आज आपण त्याला शुद्ध म्हणतो.

मग सुधारायचे की नाही? रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली पालक आणि मुलांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालक मुलाचे व्याकरण क्वचितच तपासतात, ते बोलण्यातील खरेखोटेपणा तपासतात, असे त्यांना आढळले. तरीही मुले व्याकरण शिकतात. थेट दुरुस्तीचा उपयोग किती थोडा, हे मीही अनुभवले होते. "गोड नाही, वेंट" असे मी सांगितले की चिमू दोन क्षण माझ्याकडे पाही आणि पुन्हा "आय गोड" म्हणून पुढची हकीकत सुरू करी. तिचे लक्ष बागेतील खारीवर होते, माझे क्रियापदावर. तिच्या स्मरणात 'वेंट' पक्के व्हायला हवे होते, आणि त्यासाठी तो शब्द आपसूक, पुष्कळ वेळा कानावर पडणे एवढेच पुरेसे होते.

म्हणून मी रीत बदलली. ती म्हणाली, "आय गोड टू द पार्क", की मी म्हणे, "हो? यू वेंट टू द पार्क? कोणाबरोबर?" ती म्हणाली, "कुत्रा जाला", की मी म्हणे, "अगं बाई, गेला? कुठे गेला?" बरोबर रूप माझ्या उत्तरात येई, चुकीकडे बोट न दाखवता, आणि गोष्ट पुढे चालू राही. तिला पुन्हा म्हणायला लावायचे नाही, पाहुण्यांसमोर तो शब्द वदवून हसायचे नाही. हे दुसरे पथ्य मला अधिक जड गेले, कारण "थ्री माउसेस" ऐकून हसू आवरत नाही. पण हसण्याचा विषय झालो, हे मुलाला चटकन कळते. पंधरा दिवसांनी ती पाळणाघरातून आली ती थेट माझ्याकडेच. "आजी, तुला सांगते," असे म्हणून तिने चपलाही न काढता सारी हकीकत सांगितली. त्यात तीन चुका होत्या. त्या मी वहीत लिहिल्या नाहीत.

सांभाळणाऱ्यांनी खरी काळजी केव्हा करावी, हेही सांगायला हवे. 'गोड' आणि 'करलं' ही काळजीची लक्षणे नव्हेत. शाळेच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत ती तुरळकपणे चालू राहतात आणि हळूहळू ओसरतात. ज्या मुलांना भाषेच्या विकासात खरी अडचण असते, त्यांच्या बोलण्यात बहुधा उलटे दिसते. इंग्रजी बोलणारे असे मूल प्रत्यय जादा लावण्यापेक्षा तो गाळतच राहते. "काल तो चालला" यासाठी बरोबरीची मुले 'वॉक्ड' म्हणू लागली तरी ते नुसते 'वॉक' म्हणते. मूल दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांचे झाल्यावरही परक्याला त्याचे बरेचसे बोलणे कळत नसेल, हाकेला ओ देत नसेल, किंवा येत असलेले शब्द खरोखरच नाहीसे होऊन बोलणे कमी होत असेल, तर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कानांची तपासणी करून घ्यावी आणि वाचा-भाषातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. एक रूप जाऊन दुसरे येणे वेगळे, आणि बोलणेच आटणे वेगळे. हा फरक घरातील वडीलधाऱ्यांच्या कानाला सर्वांत आधी कळू शकतो.

आपल्या वयाच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. स्मरण आणि नियम या जोडीचा माग म्हातारपणीही लागतो. १९९७ साली मायकेल उल्मन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांना अनियमित रूपे आठवायला अधिक जड जात होती आणि त्या जागी ते पुष्कळदा मुलांसारखे नियमाने बनवलेले रूप वापरत. पार्किन्सनच्या रुग्णांना उलट नियमाची रूपे अधिक जड जात होती. यावरून घरी बसून कोणी कोणाचे निदान करू नये. एखादा चुकलेला शब्द म्हणजे आजार नव्हे. पण विस्मरण झालेल्या वडिलांच्या तोंडून एखादे ओबडधोबड रूप निघाले, तर त्यांनाही चारचौघांत सुधारू नये. जे स्मरणातून निसटले, त्याच्या जागी त्यांनी नियमाने काहीतरी उभे केलेले असू शकते. उत्तरात बरोबर शब्द घालून संभाषण पुढे न्यावे. चिमूकडून शिकलेली ही रीत मी आता माझ्या थोरल्या भावाशी बोलतानाही पाळते.

मी परत येऊन चार महिने झाले. दर रविवारी चिमू पडद्यावर येते. 'गोड' आता क्वचितच ऐकू येते. "वी वेंट टू द झू" असे ती मागच्या रविवारी सहजपणे म्हणाली. सुनेने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मग चिमूने विचारले, "आजी, तू परत कधी येणार? तू तेव्हा येलीस ना, तशी." मी म्हणाले, "हो, आले होते ना मी. परत येईन, बाळ." 'येलीस' हा शब्द मात्र फोन ठेवल्यावर मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.